मक्याच्या पंधरा जोड्या

चार्ल्स डार्विनचे नाव निघाले की आपल्याला माकड आठवते. मका कोणालाच आठवत नाही. तथापि उतारवयात या गृहस्थाने आपल्या घरच्या काचगृहात कित्येक वर्षे झाडांवर प्रयोग केले आणि १८७६ साली त्यांचे फलित एका जाड ग्रंथात प्रसिद्ध केले. प्रश्न साधा होता. एखाद्या झाडाच्या फुलात त्याच झाडाचे पराग पडून बी धरले, तर त्या बियांची रोपे दुबळी निपजतात काय? उलट, पराग दुसऱ्या झाडाचे असतील तर रोपे जोमदार होतात काय? पहिल्या प्रकारच्या रोपांना आपण स्वपरागित म्हणू आणि दुसऱ्यांना परपरागित.

मक्याच्या बाबतीत डार्विनने असे केले. दोन्ही प्रकारचे बी रुजत घातले. एकाच वेळी अंकुरलेले एक परपरागित आणि एक स्वपरागित रोप घेऊन ते एकाच कुंडीत समोरासमोर लावले. माती तीच, पाणी तेच, ऊन तेच. अशा चार कुंड्यांतून पंधरा जोड्या झाल्या. रोपे वाढल्यावर त्यांची उंची इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजली. परपरागितांची सरासरी २०.१९ इंच आली, स्वपरागितांची १७.५८. फरक २.६१ इंचांच्या आसपास. पंधरापैकी तेरा जोड्यांत परपरागित रोप उंच होते. उरलेल्या दोन जोड्यांत मात्र उलटे झाले होते, आणि तेही थोडेथोडके नव्हे: एकीत आठ इंचांहून अधिक, दुसरीत सहा इंच.

आता कोणीही सामान्य मनुष्य म्हणेल, ‘तेरा विरुद्ध दोन! आणखी काय पाहिजे?’ पण डार्विन सावध होता. मक्याची रोपे मुळातच लहानमोठी होतात. मग हा अडीच इंचांचा फरक परागांमुळे पडला, की निव्वळ योगायोगाने? त्याने आपला आतेमामेभाऊ फ्रान्सिस गाल्टन याला आकडे दाखवले. या पंधरा जोड्यांचा निवाडा करता करता संख्याशास्त्राची सुमारे सत्तर वर्षे गेली, आणि आज विद्यार्थी ज्यांपुढे गोंधळून उभा राहतो त्या टी-कसोटी, प्रसरण-विश्लेषण व क्रमांच्या कसोट्या या तीन वाटा त्याच काळात पडल्या. कोणत्या वेळी कोणती वाट धरावी, हे या मक्यावरून जितके स्वच्छ दिसते तितके सूत्रांच्या कोष्टकावरून दिसत नाही, असे आम्हांस वाटते.

गाल्टनने केले ते मोठे बोधप्रद आहे. जोड्यांमधले फरक त्याला फार वेडेवाकडे दिसले. म्हणून त्याने दोन्ही रांगा उंचीप्रमाणे लावून घेतल्या: सर्वांत उंच परपरागितासमोर सर्वांत उंच स्वपरागित, दुसऱ्यासमोर दुसरे, याप्रमाणे. लगेच सारे सुरळीत दिसू लागले. पहिल्या तेरा जोड्यांत फरक पावणेतीन इंचांपासून पावणेचारच्या किंचित वरपर्यंत, जणू कोणी फूटपट्टीने आखून दिलेला! पण ही शिस्त मक्याची नव्हती, गाल्टनच्या मांडणीची होती. कोणत्याही दोन रांगा उंचीप्रमाणे लावल्या की समोरासमोरचे फरक एकसारखे होणारच. एका कुंडीत एकत्र वाढलेली रोपे त्याने ताटातूट करून परक्यांशी जोडली, आणि जोडी लावण्याचे सारे प्रयोजनच नाहीसे झाले.

या चुकीची किंमत आकड्यांत सांगता येते. परंतु त्यासाठी लागणारे माप त्या वेळी नव्हते. ते १९०८ साली तयार झाले, आणि तेही विद्यापीठात नव्हे, डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीगृहात. विल्यम सीली गॉसेट हा तिथला रसायनज्ञ. जवाचा कस, हॉप्सचा गुण असे प्रश्न त्याच्यापुढे येत आणि हाताशी नमुने असत चार, सहा, दहा. त्या काळचे संख्याशास्त्र शेकड्यांनी निरीक्षणे मागत असे. गॉसेटच्या ध्यानात आले की नमुना लहान असला म्हणजे आकड्यांचा विखार, म्हणजे ते सरासरीभोवती किती पसरले आहेत, हाच मुळी नक्की कळत नाही; तो अदमासानेच धरावा लागतो, आणि त्या अदमासातली चूक हिशेबात घ्यावी लागते. त्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिलेल्या निबंधात तो हिशेब केला. पुढे रोनाल्ड फिशरने त्याला आजचे रूप दिले. सरासरी फरकाला त्या फरकाच्या अनिश्चिततेने भागावे. येणाऱ्या संख्येला ‘टी’ म्हणावे. ‘टी’ जितकी मोठी, तितके योगायोगाचे कारण दुबळे.

१९३५ साली फिशरने प्रयोगांच्या आखणीवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याने डार्विनचा हाच मका पुन्हा हाती घेतला. जोड्या जशा कुंडीत होत्या तशाच ठेवल्या. म्हणजे त्याच्यापुढे तीस उंच्या नव्हत्या, पंधरा फरक होते. त्यांची ‘टी’ निघाली २.१४८. पंधरा फरकांसाठी शेकडा ५ ची सीमा २.१४५ आहे. म्हणजे परागांचा काही परिणाम नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक केवळ योगायोगाने दिसण्याचा संभव शेकडा ५ च्या जेमतेम खाली. मका कसाबसा उत्तीर्ण झाला. आता गाल्टनने लावलेल्या जोड्यांवर आम्ही तीच रीत चालवून पाहिली, तर ‘टी’ येते पाचाच्याही वर! रोपे तीच, उंची तीच, सरासरी फरक तोच. बदलली ती फक्त कोणाशेजारी कोण याची नोंद, आणि काठावरचे उत्तर निःशंक होऊन बसले.

म्हणून कसोटी निवडताना पहिला प्रश्न आकड्यांच्या आकाराचा नसतो, ते आकडे कसे मिळाले याचा असतो. कोणता आकडा कोणाशी बांधलेला आहे आणि कोणता स्वतंत्र आहे? एकाच रोग्याचा औषधापूर्वीचा व नंतरचा रक्तदाब ही जोडी आहे. दोन वेगळ्या रोग्यांचे रक्तदाब ही जोडी नव्हे. जोडी असेल तर जोडीची टी-कसोटी, आणि गट वेगळे असतील तर दोन स्वतंत्र गटांची. येथे चूक झाली तर पुढची कोणतीही कसोटी ती दुरुस्त करू शकत नाही.

आता दोनांच्या जागी अनेक गट असतील तर? इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात फिशर १९१९ साली आला, आणि १९२३ साली त्याने मॅकेन्झी या सहकाऱ्यासह बटाट्यांच्या बारा जातींचा एक प्रयोग तपासला. बारा जातींच्या दोन-दोन करून ६६ जोड्या होतात. प्रत्येक जोडीवर टी-कसोटी चालवली आणि शेकडा ५ ची सीमा ठेवली, तर जातीजातींत काडीचाही फरक नसताना सरासरी तीन-साडेतीन जोड्या ‘फरक आहे’ म्हणून ओरडतील. एकदा नाणे फेकून चुकणे वेगळे आणि सहासष्ट वेळा फेकून एकदाही न चुकण्याची आशा धरणे वेगळे. प्रसरण-विश्लेषणाने, ज्याला आज सर्रास अनोव्हा म्हणतात, हा पेच सोडवला. सगळ्या जातींना मिळून एकच प्रश्न विचारावा: जातीजातींच्या सरासऱ्या एकमेकींपासून जेवढ्या दूर आहेत, तेवढ्या त्या एकाच जातीच्या वाफ्यावाफ्यातील सहज चढउतारामुळे होऊ शकतील काय? उत्तर ‘नाही’ आले, तरच कोणती जात कोणाहून वेगळी हे पाहायला जावे, आणि तेही सीमा अधिक कडक करून. गट दोनच असले तर अनोव्हा आणि स्वतंत्र गटांची साधी टी-कसोटी एकच उत्तर देतात.

याच प्रयोगात फिशरही एकदा ठेचकाळला. बटाट्यांच्या प्रत्येक वाफ्यात तीन ओळी होत्या व त्यांना वेगवेगळी खते दिली होती. एका वाफ्यातल्या तीन ओळी म्हणजे एकाच घरातली तीन भावंडे, माती एकच. १९२३ च्या लेखात त्या जणू सुट्यासुट्या आहेत असे समजून हिशेब झाला. १९२५ च्या आपल्या ग्रंथात फिशरने तो सुधारला: वाफ्यावाफ्यातील चूक वेगळी आणि ओळीओळीतील चूक वेगळी धरली. पद्धत काढणाऱ्यालाच स्वातंत्र्याची अट अशी निसटून जाते, तिथे इतरांचा काय पाड!

दुसरी अट विखाराची. स्वतंत्र गटांची साधी टी-कसोटी आणि साधे प्रसरण-विश्लेषण, दोन्ही असे मानून चालतात की प्रत्येक गटातील पसारा साधारण सारखा आहे. मक्यात तो सारखा नव्हता: परपरागितांचे प्रमाण विचलन ३.६ इंच, स्वपरागितांचे २.१. गटांची संख्या समसमान असली तर एवढ्याने फार बिघडत नाही. पण लहान गटाचा पसारा मोठा आणि मोठ्या गटाचा लहान, असे झाले की टी-कसोटी खोटे फरक भराभर दाखवू लागते. जर्मनीतील बेरेन्सने १९२९ साली आणि फिशरने १९३५ साली या प्रश्नावर एक तोड सुचवली. परंतु ती वापरायची तर कोष्टके हवीत. ती कोष्टके करणारा मनुष्य आपल्याकडचा होता, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले, फर्ग्युसन कॉलेजात शिकून लंडनला गेलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९३८ साली ‘संख्या’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला, आणि त्यांची कोष्टके पुढे फिशर व येट्स यांच्या प्रसिद्ध कोष्टकसंग्रहात गेली. आज व्यवहारात वेल्च या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाची दुरुस्ती अधिक चालते. तिच्यात दोन्ही गटांचे पसारे वेगवेगळे धरतात. दोन स्वतंत्र गट असता प्रथमपासून तीच वापरावी, असे आमचे मत आहे. पसारे सारखे निघाले तरी तिने फारसे नुकसान होत नाही.

तिसरी अट आकाराची. लोक मात्र तिलाच पहिली समजतात. आकडे घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वक्रानुसार पसरले असावेत, असे टी-कसोटी मानते. यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, जोडीच्या कसोटीत तो आकार फरकांना लागू असतो, मूळ उंच्यांना नव्हे; अनोव्हात तो प्रत्येक आकडा आपल्या गटाच्या सरासरीपासून जितका ढळला त्या ढळण्याला लागू असतो. दोन, नमुना मोठा होत गेला की ही अट आपोआप सैल होते, कारण आपण सरासरी तपासत असतो आणि पुष्कळ आकड्यांची सरासरी प्रसामान्यतेकडे झुकते. भीती असते ती लहान नमुन्यात एखाददुसरा आकडा फार लांब पडलेला असता. मक्याचे पंधरा फरक आलेखाच्या कागदावर ठिपक्यांनी मांडा: तेरा ठिपके शून्याच्या उजवीकडे आणि दोन एकटे, डावीकडे दूर. ते दोनच ठिपके विखार फुगवतात आणि ‘टी’ला खाली ओढतात. त्यांना काढून टाकावे असा मोह होतो. पण ती रोपेही त्याच कुंड्यांत वाढली होती, आणि मोजण्यात चूक झाल्याचा पुरावा नसता त्यांना वगळणे म्हणजे प्रतिकूल साक्षीदाराला न्यायालयाबाहेर काढणे होय.

अशा प्रसंगासाठी १९४५ साली फ्रँक विल्कॉक्सनने तिसरी वाट दाखवली. हाही रसायनज्ञच, अमेरिकन सायनॅमिड कंपनीत कीटकनाशकांवर काम करणारा. त्याची युक्ती अशी: फरकांचे आकडे सोडून द्या, त्यांचे क्रम घ्या. चिन्ह बाजूला ठेवून सर्वांत लहान फरकाला १, त्यापुढच्याला २, असे पंधरापर्यंत क्रमांक द्यावेत; मग उलट्या जोड्यांच्या क्रमांकांची बेरीज करावी. मक्यात त्या दोन जोड्यांचे क्रमांक १० आणि १४, बेरीज २४. पंधरा जोड्यांसाठी शेकडा ५ ची सीमा २५ आहे. तिच्याएवढी किंवा तिच्याखाली बेरीज आली की फरक मान्य. लांब पडलेला ठिपका येथे कितीही लांब गेला तरी त्याचा क्रमांक १५ च्या वर जाऊ शकत नाही. त्याची दांडगाई तेवढ्यापुरतीच राहते. दोन स्वतंत्र गटांसाठीही विल्कॉक्सनने अशीच रीत दिली. १९४७ साली मान आणि व्हिटनी यांनी तिचा विस्तार केला, आणि १९५२ साली क्रस्कल व वॉलिस यांनी तीच कल्पना अनेक गटांना लावली. प्रसरण-विश्लेषणाची ही क्रमांतली धाकटी बहीण.

या वाटेने जाण्यात तोटा किती? आकडे खरोखर प्रसामान्य असतील, तर मोठ्या नमुन्यात टी-कसोटीला ९५-९६ निरीक्षणांत जे कळते, त्यासाठी विल्कॉक्सनच्या कसोटीला १०० लागतात. एवढेच. आणि आकड्यांना लांब शेपट्या असतील तर फायदा पुष्कळ. परंतु तिच्यावर भलता भरवसाही ठेवू नये. नमुना अगदीच लहान असेल तर ती मुकी होते. तीन विरुद्ध तीन अशा गटांत क्रम लागण्याचे सारे प्रकार वीसच. एका गटाचे तिन्ही आकडे दुसऱ्याच्या वर असले, तरी दोन्ही बाजू धरून संभव शेकडा १० च्या खाली जाणार नाही. तेथे शेकडा ५ ची सीमा ओलांडणे कोणत्याही आकड्यांना शक्य नाही. शिवाय पसारे असमान असले, तर सरासरी सारखी असतानाही स्वतंत्र गटांची क्रमकसोटी कधीकधी ‘फरक आहे’ म्हणते. आणि गाल्टनसारखी जोड मोडली असेल, तर क्रमही तितकेच खोटे बोलतात. या कसोट्या आकाराची अट सैल करतात; स्वातंत्र्याची नव्हे.

आता सगळे निवाडे एका ठिकाणी मांडू. जोडीची टी-कसोटी: योगायोगाचा संभव शेकडा ४.९७. विल्कॉक्सन: शेकडा ४.१. फिशरने आणखी एक कठोर रीत वापरली होती. पराग निष्प्रभ असतील तर प्रत्येक जोडीतल्या फरकाचे चिन्ह उलटही पडू शकले असते; पंधरा जोड्यांत चिन्हांच्या अशा ३२,७६८ रचना होतात. त्या सर्व धरल्या असता १,७२६ रचनांत प्रत्यक्षाएवढा किंवा याहून मोठा फरक येतो. म्हणजे शेकडा ५.२७. येथे प्रसामान्यतेचे गृहीतक मुळीच नाही, आणि मका शेकडा ५ च्या काठावरून पलीकडे घसरतो. नुसती चिन्हे मोजावीत, तेरा विरुद्ध दोन, तर संभव शेकडा एकाहूनही कमी, ०.७. आणि जोड्या विसरून दोन स्वतंत्र गट मानले तर ‘टी’ २.४४ होते, संभव शेकडा २ च्या आसपास.

पाच रीती, पाच उत्तरे! मनाजोगते उत्तर देणारी रीत आधी पाहून मागून निवडली, तर डार्विनचा सिद्धांत शेकडा ०.७ वर छातीठोक सिद्ध करता येतो, आणि त्याच्या प्रतिपक्ष्याला शेकडा ५.२७ वर तो फेटाळताही येतो. यांतली एक रीत तर सरळ बाद होते: रोपे जोडीने लावली होती, तेव्हा स्वतंत्र गट मानण्याचा अधिकार आपल्याला नाही, मग तिचे उत्तर कितीही गोड असो. उरलेल्या चारही प्रामाणिक आहेत. मात्र त्या एकच प्रश्न विचारत नाहीत. टी-कसोटी व चिन्हे उलटवण्याची रीत सरासरी उंचीविषयी विचारतात, आणि दोन उलट्या जोड्या सरासरी बरीच खाली आणतात. चिन्हे मोजणारी रीत विचारते, बहुतेक जोड्यांत कोण उंच? तिला त्या दोन जोड्या किती उलट आहेत याच्याशी कर्तव्य नाही. विल्कॉक्सन मधल्या जागी उभा आहे.

म्हणून निवड बी रुजत घालतानाच करावयाची असते, उंची मोजल्यावर नव्हे. आम्ही डार्विनच्या जागी असतो तर, उंचीचा सरासरी लाभ किती हेच कळायला हवे होते म्हणून, जोडीची टी-कसोटी आधी लिहून ठेवली असती, तिच्याशेजारी विल्कॉक्सनचा ताळा घेतला असता, आणि दोन्ही निकाल छापले असते. प्रसामान्यता आहे की नाही याची वेगळी कसोटी लावून तीवर निवड सोपवण्याची पद्धत मात्र आम्हांस पटत नाही: पंधरा आकड्यांत तिला दोष दिसत नाहीत, आणि पंधरा हजारांत निरुपद्रवी दोषही दिसतात.

फिशरने या प्रयोगावर शेवटी जो आक्षेप घेतला तो कोणत्याच कसोटीने भरून निघणारा नव्हता. कुंडीच्या कोणत्या बाजूला कोणते रोप लावायचे हे डार्विनने नाणेफेकीसारख्या निव्वळ योगायोगावर सोपवले नव्हते. खिडकीची बाजू नकळत एकाच प्रकाराला मिळाली असेल, तर तो लाभ परागांच्या नावावर जमा झाला असेल. एक नाणे, पंधरा वेळा वर फेकलेले. डार्विनच्या काचगृहात कमी होते ते एवढेच.